केसपेपर ते डॉक्टर: मध्यकाच्या बूटस्ट्रॅपचा फोटो आणि त्यातून 31 ते 86 हा आकडा

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी मी एका ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत रुग्णाला किती वेळ थांबावं लागतं हे मोजते आहे. केसपेपर काढल्यापासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचायला लागलेली मिनिटं, एवढंच. मुख्य अभ्यासाआधी पायलट करावा लागतो. तो मी फेब्रुवारी 2024 मध्ये पंधरा रुग्णांवर केला. लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेले आकडे असे: 18, 22, 25, 31, 34, 38, 41, 47, 52, 58, 63, 86, 95, 120, 165.

सरासरी जवळपास 60 मिनिटं येते, पण ती शेवटच्या तीन-चार जणांनी वर ओढलेली आहे. मधला, म्हणजे आठवा आकडा 47. मी अहवालात मध्यक दिला आणि सुटले असं वाटलं.

14 मार्चला सायंटिफिक कमिटीचं पत्र हातात आलं, ‘दुरुस्तीसह मान्य’. दुरुस्त्यांमधला चौथा मुद्दा होता: ‘मध्यकासोबत 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल द्यावा, पद्धत व सॉफ्टवेअर नमूद करावे.’ सुधारित अहवालाच्या तीन प्रती, प्रत्येकीवर गाइड आणि विभागप्रमुखांची सही, कव्हरिंग लेटर वेगळं. सरासरीचा इंटरव्हल आम्हाला शिकवलेला असतो. स्टँडर्ड एरर काढा, 1.96 ने गुणा. मध्यकासाठी तसं सरळ सूत्र वहीत नव्हतं. कॉलेजच्या गेटसमोरच्या टायपिंगवाल्याने ‘अ‍ॅनालिसिस करून देतो’ म्हणून चार हजार सांगितले. मी गाइड मॅडमना विचारलं, त्यांनी ओळखीच्या एका स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमचा नंबर दिला. या मॅडमनी पैसे घेतले नाहीत. ‘आकडे पाठव, बूटस्ट्रॅप करून देते,’ म्हणाल्या.

मध्ये निवडणूक लागली. 16 मार्चला आचारसंहिता आली, ऑफिसचा निम्मा स्टाफ ट्रेनिंगला, कमिटीची एप्रिलची बैठक पुढे गेली. माझ्यासाठी ते बरंच झालं म्हणायचं, कारण एप्रिलच्या सुरुवातीला रात्री उशिरा मॅडमचा व्हॉट्सअ‍ॅप आला तो एक फोटो होता. कॉम्प्युटरच्या पडद्याचा, मोबाईलने तिरका काढलेला, त्यावर त्या लाटालाटांच्या रेषा, आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात, जिथे बहुधा आकडे लिहिलेले होते, तिथे ट्यूबलाइटचा पांढरा डाग. खाली एक ओळ: ‘हजार रिसॅम्पल. दोन तुटक रेषांच्या मधला तुझा इंटरव्हल.’ आणि मॅडम दुसऱ्या दिवशी निवडणुकीच्या कामावर गेल्या.

फोटोत हिस्टोग्राम होता. आडव्या अक्षावर मिनिटं, दहा-दहाच्या पट्ट्यांत. उभ्या अक्षावर संख्या, 400 पर्यंत. 40 ते 50 ची पट्टी सर्वांत उंच, तिच्या उजवीकडची थोडी बुटकी, डावीकडची आणखी बुटकी. मग 60 ते 70 ची छोटीशी, 70 ते 80 मध्ये काहीच नाही, आणि 80 ते 90 मध्ये पुन्हा एक खुजी पट्टी. त्या रिकाम्या जागेकडे मी बराच वेळ बघत बसले. ग्राफ बिघडलाय की काय?

पट्ट्या मोजण्याआधी त्या कशाच्या आहेत हे कळणं मला गरजेचं वाटलं, म्हणून मी ते हाताने करून पाहिलं. कुणाला हे पहिल्यांदा करायचं असेल तर माझा आग्रह आहे की एकदा तरी हातानेच करा. पंधरा चिठ्ठ्यांवर पंधरा आकडे लिहिले आणि डब्यात टाकले. एक चिठ्ठी काढायची, आकडा वहीत लिहायचा, चिठ्ठी परत डब्यात टाकायची, डबा हलवायचा. असं पंधरा वेळा. चिठ्ठी परत जात असल्यामुळे काही आकडे दोनदा येतात, काही येतच नाहीत. मला एकदा आलेले पंधरा आकडे क्रमाने असे होते: 22, 31, 31, 34, 41, 41, 47, 52, 52, 58, 63, 63, 95, 120, 120. यातला आठवा 52. म्हणजे या रिसॅम्पलचा मध्यक 52. हाच खेळ संगणकाने हजार वेळा केला, हजार मध्यक जमवले, आणि फोटोतला हिस्टोग्राम त्या हजार मध्यकांचा. ब्रॅडली एफ्रन यांनी ही पद्धत 1979 मध्ये मांडली. ज्या मध्यकासाठी तोवरची जॅकनाइफ पद्धत फसत होती, तिथेही ही चालते.

डब्यामुळे दोन गोष्टी लगेच उलगडल्या. पहिली, पंधरा ही विषम संख्या असल्यामुळे प्रत्येक रिसॅम्पलचा मध्यक हा माझ्याच पंधरा आकड्यांपैकी एक असतो, दुसरा कुठला असूच शकत नाही. माझ्याकडे 63 नंतर थेट 86 आहे. मग 70 ते 80 मध्ये पट्टी येणार कुठून? ग्राफ बिघडलेला नव्हता, माझ्या रुग्णांमध्येच ती फट होती. दुसरी, 40 ते 50 ची ती भरीव पट्टी खरं तर दोनच ठिकाणी उभी आहे, 41 वर आणि 47 वर. दहा मिनिटांच्या पट्टीने त्या दोन काड्या एकत्र बांधून सपाट करून दाखवल्या होत्या. मध्यकाचं बूटस्ट्रॅप वितरण घंटेच्या आकाराचं दिसलं तर त्यातला बराचसा आकार पट्टीच्या रुंदीने दिलेला असतो. (सोळा रुग्ण असते तर मध्यक मधल्या दोन आकड्यांची सरासरी झाला असता, काड्या जास्त झाल्या असत्या, पण काड्याच राहिल्या असत्या.)

आता मोजणी. पर्सेंटाइल इंटरव्हल वाचायची रीत सोपी आहे: हजार मध्यक लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावायचे, दोन्ही टोकांकडून अडीच-अडीच टक्के सोडायचे. हजारातले अडीच टक्के म्हणजे 25. डावीकडून पंचविसावा मध्यक हे खालचं टोक, 975 वा हे वरचं. फोटोतून करायचं तर टोकाच्या पट्ट्यांची उंची मिळवत आत यायचं, 25 पूर्ण होईपर्यंत.

फोटो सरळ करून घेतला, मोबाईलच्या एडिटमध्ये चारही कोपरे ओढून चौकट काटकोनात आणता येते. ते न करता मोजलं तर तिरक्या फोटोत उजव्या पट्ट्या डावीकडच्यांपेक्षा लहान भरतात. मग दहा रुपयांत ए-फोरवर रंगीत प्रिंट काढली आणि पट्टी घेऊन बसले. 400 ची खूण तळापासून 80 मिलिमीटरवर होती, म्हणजे एक मिलिमीटर म्हणजे पाच रिसॅम्पल. अगदी उजवीकडची, 90 ते 100 ची पट्टी जेमतेम मिलिमीटरभर. 80 ते 90 ची पाच मिलिमीटरला किंचित कमी. दोन्ही मिळून साधारण पावणेसहा मिलिमीटर, म्हणजे 28 च्या आसपास. मला हवे होते 25, म्हणजे पाच मिलिमीटर.

इथे गंमत बघा. 28 असेल तर 975 वा मध्यक 86 वर पडतो. 24 असेल तर तो फट ओलांडून एकदम 63 वर येतो. आणि माझी मोजपट्टी फार तर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत खरी, प्रत्येक पट्टीमागे दोन-तीन रिसॅम्पल इकडे-तिकडे. म्हणजे वरचं टोक 86 की 63 हे फोटोतून उंची मोजून ठरवणं अशक्य होतं.

मग तुटक रेषांचा आधार घेतला. आडव्या अक्षावर दहा मिनिटं पंधरा मिलिमीटरमध्ये बसत होती. उजवी रेषा 80 ते 90 च्या पट्टीत, निम्म्याच्या थोडी पुढे. डावी रेषा 30 च्या खुणेपासून दोनेक मिलिमीटरवर, फोटो पुसट असल्यामुळे रेषा स्वतःच दोन मिलिमीटर जाड. तेवढ्यावरून वाचलं तर ‘साधारण 31 ते 32’ आणि ‘साधारण 85 ते 87’. पण टोकं माझ्याच आकड्यांवर पडणार हे माहीत असल्यावर ‘साधारण’ची गरज राहत नाही. 30 ते 40 मध्ये माझ्याकडे 31, 34 आणि 38 आहेत. 34 ची जागा 30 पासून सहा मिलिमीटरवर येते, रेषा तिथे नव्हती. म्हणून 31. 80 ते 90 मध्ये एकच आकडा आहे, 86. फोटोतला इंटरव्हल 31 ते 86. धूसर फोटो वाचताना कच्चे आकडे शेजारी ठेवले तर रेषा ओळखता येते.

अहवालात सॉफ्टवेअर लिहायचं होतं आणि मॅडमनी कशात केलं ते फोटोत दिसत नव्हतं. म्हणून मी आर (R) हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, फुकट आहे, आणि चार ओळी चालवल्या:

```r
vel <- c(18,22,25,31,34,38,41,47,52,58,63,86,95,120,165)
b <- replicate(1000, median(sample(vel, replace = TRUE)))
table(b)
quantile(b, c(0.025, 0.975), type = 1)
```

उत्तर आलं 31 आणि 63. पुन्हा चालवलं, 34 आणि 86. तेच आकडे, तीच पद्धत, आणि वरचं टोक 23 मिनिटांनी हललेलं. ‘आपण वाट बघतो ते फार तर तासभर’ आणि ‘जवळपास दीड तास’ एवढा तो फरक आहे. कमिटीसमोर यातलं कुठलं लिहायचं?

पहिल्या वेळच्या table(b) मध्ये उजव्या टोकाला 86 वर 18 आणि 95 वर 3 होते. बेरीज 21. पंचविसाला चार कमी पडले, म्हणून टोक 63 वर घसरलं. मॅडमच्या फोटोत तीच बेरीज 28 च्या आसपास होती. म्हणजे टोक अगदी कड्यावर बसलेलं होतं आणि दरवेळच्या नशिबाने इकडे किंवा तिकडे पडत होतं. हिस्टोग्राममध्ये हे कळत नाही, table(b) मध्ये एका नजरेत कळतं. ग्राफच हवा असेल तर hist ऐवजी plot(table(b)) करा; पट्ट्यांऐवजी काड्या येतात आणि प्रत्येक काडी कुठल्या आकड्यावर आहे ते दिसतं.

type = 1 मुद्दाम लिहिलं आहे. ते नसेल तर आर दोन शेजारच्या मध्यकांच्या मधली किंमत काढतं, आणि नेमकं कड्यावर असताना कुठल्याच रुग्णाची नसलेली 33.9 सारखी किंमत छापून येऊ शकते.

मतदान झालं आणि मॅडम परतल्या, तेव्हा मी दोन्ही प्रिंट घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, ‘अगं, हजाराने नाही भागणार. पण तुझ्या बाबतीत बूटस्ट्रॅप न चालवताही उत्तर काढता येतं. डबा आठव.’

डब्यात पंधरा चिठ्ठ्या, त्यातल्या चार मोठ्या: 86, 95, 120, 165. रिसॅम्पलचा मध्यक 86 किंवा त्याहून जास्त कधी येईल? पंधरा वेळा काढताना निदान आठ वेळा या चारपैकी चिठ्ठी आली तरच. दर वेळी ती येण्याची शक्यता पंधरात चार. ही साधी द्विपद वितरणाची बेरीज आहे:

```r
1 - pbinom(7, 15, 4/15)
```

उत्तर 0.02545. म्हणजे 2.545 टक्के. मला हवा होता 2.5 टक्क्यांचा उंबरठा, आणि खरी किंमत त्याच्या इतकी चिकटून वर होती. डाव्या बाजूला 18, 22, 25, 31 या चार लहान चिठ्ठ्यांचा हिशेब हुबेहूब तोच. हजार रिसॅम्पलमध्ये सरासरी 25.45 मध्यक त्या टोकात पडणार, पण त्यात पाचेक इकडे-तिकडे होणारच, म्हणून टोक जवळजवळ नाणेफेकीवर ठरतं. मला वाटलं होतं दहा हजार केले की बास. मॅडमनी कागदावर दाखवलं: दहा हजारांत अपेक्षा 254.5, चढउतार साधारण 16, हवेत 250. अजूनही दर पाच वेळांत दोनदा चुकीच्या बाजूला. एक लाखातही पाच-सहा वेळांत एकदा. दहा लाख केल्यावर 25,450 च्या जवळ येतात, हवे 25,000, चढउतार 160 च्या आतला, तेव्हा कुठे टोक जागेवर राहतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर दहा लाख रिसॅम्पल चहा उकळेपर्यंत झाले. 31 आणि 86.

माझ्या मनात शंका होती की एवढ्याशा 0.045 टक्क्यावर 86 लिहिणं हा ओढूनताणून आणलेला आकडा तर नाही? मॅडमनी तो बूटस्ट्रॅपबाहेरून तपासून दिला. खरा मध्यक काहीही असो, प्रत्येक रुग्ण त्याच्या खाली असण्याची शक्यता निम्मी. त्यावरून क्रमाने लावलेल्या पंधरा आकड्यांतला चौथा ते बारावा हा पट्टा खऱ्या मध्यकाला किती वेळा धरतो ते नेमकं काढता येतं: 1 - 2*pbinom(3, 15, 0.5), म्हणजे 96.5 टक्के. पाचवा ते अकरावा, म्हणजे 34 ते 63, हा पट्टा फक्त 88.2 टक्के. मध्ये काही नाही, 95 टक्क्यांचा नेमका पट्टा पंधरा आकड्यांतून दोन्ही बाजूंनी सारखा काढताच येत नाही. चौथा 31, बारावा 86. मग 34 ते 63 ला 95 टक्के म्हणणं हे दिसायला छान पण खोटं ठरलं असतं. मला तर वाटतं, इतक्या लहान नमुन्यात मध्यकासाठी हा क्रमाचा पट्टाच आधी काढावा आणि बूटस्ट्रॅप त्याच्या शेजारी ठेवावा. बूटस्ट्रॅपने पंधरा रुग्णांचे पन्नास होत नाहीत.

बैठक मेच्या शेवटी झाली. अहवालातली ओळ अशी होती: ‘प्रतीक्षाकाळाचा मध्यक 47 मिनिटे, 95 टक्के बूटस्ट्रॅप पर्सेंटाइल इंटरव्हल 31 ते 86 मिनिटे, रिसॅम्पल 10,00,000, क्रमाधारित इंटरव्हल (96.5 टक्के) तोच.’ त्याखाली आरची आवृत्ती आणि set.seed चा आकडा. सीड लिहायला विसरू नका. परीक्षकाने तेच चालवलं तर तेच यायला हवं. आवृत्ती R.version.string लिहिलं की मिळते, पत्रात ती मागितलेली असते आणि ऐन वेळी आठवत नाही.

एका ज्येष्ठ सदस्यांनी काड्यांचा ग्राफ बघून विचारलं, ‘सिस्टर, तो 165 मिनिटं थांबलेला पेशंट यात कुठे आहे?’ मला हा प्रश्न आवडला, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. तो त्या ग्राफमध्ये नाही. मध्यक 165 यायला पंधरापैकी आठ वेळा तीच एक चिठ्ठी यावी लागेल. ग्राफ रुग्णांचा नाही, मध्यकाचा आहे. 31 ते 86 याचा अर्थ 95 टक्के रुग्ण तेवढा वेळ थांबतात असा होत नाही. माझ्या पंधरापैकी सहा जण त्या पट्ट्याच्या बाहेर आहेत. सरांनी मान हलवली आणि म्हणाले, मग रुग्णांचा वेगळा तक्ताही जोडा. तो जोडायला पुन्हा तीन प्रती, पुन्हा सह्या. विभागप्रमुख रजेवर, म्हणून आणखी एक आठवडा.

मंजुरीचं पत्र जूनमध्ये मिळालं. मुख्य अभ्यासात दीडशे रुग्ण आहेत, तिथे काड्या इतक्या दाट होतील की एका फटीवरून 23 मिनिटांची उडी पडणार नाही. वेगळीच अडचण आता दिसायला लागली आहे: नोंदणीच्या खिडकीवर घाईत वेळ पाच मिनिटांच्या पटीत लिहिली जाते, 10:20, 10:25. मग मध्यक 45 किंवा 50 वर गठ्ठ्याने अडकतो आणि इंटरव्हल खोटाच अरुंद दिसतो. म्हणून खिडकीवर सेकंद दाखवणारं डिजिटल घड्याळ लावायची परवानगी मागणारा अर्ज मी मागच्या सोमवारी आवक-जावकमध्ये दिला आहे.